जागा रिकामी का होती?

गेल्या माघ महिन्यात आम्हांस सुरतेस जाण्याचा प्रसंग आला. मुंबई-आग्रा रस्ता नरडाण्यावरूनच जात असल्यामुळे मोटारींची वाण नाही. तरीपण ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गावरची पॅसेंजर गाडीच आम्हांस अधिक मानवते. ती प्रत्येक लहानमोठ्या स्थानकाची विचारपूस करीत चालते. तिला वेळ पुष्कळ लागतो; परंतु निवृत्त शाळामास्तराजवळ दुसरी कोणती श्रीमंती नसली तरी वेळेची असते.

जाण्याचे कारण मात्र गाडीइतके साधे नव्हते. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अध्यापनाची पदविका घेऊन आणि शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन तीन वर्षे घरी बसला आहे. एका अनुदानित संस्थेतील जागेची गोष्ट एका मध्यस्थाने घरी आणली होती, आणि त्या जागेसाठी 'संस्थेच्या इमारतीस साहाय्य' म्हणून मोठी रक्कम द्यावयाची होती. घरातील दागिने व ठेवी धरून निम्मी रक्कम जमली. उरलेली उसनी मिळते का हे पाहण्यासाठी आम्ही सुरतेस मेव्हण्यांकडे निघालो होतो. ज्याने छत्तीस वर्षे मुलांना खरे बोलण्यास शिकविले त्याने अशा कामास निघावे, ही गोष्ट आमच्या मनास टोचत नव्हती असे नाही. परंतु मुलगा घरात मान खाली घालून जेवतो हे रोज पाहणे त्याहून कठीण झाले होते.

फलाटावर पिशवी सांभाळीत उभे असता मागून मोठ्याने हाक आली, "काय गुरुजी, काय करी ऱ्हायना?" वळून पाहतो तो आमचे बालमित्र आप्पा. १९७३ साली, दुष्काळाच्या वर्षी, आम्ही दोघे जुन्या अकरावीची मॅट्रिक बरोबरच उत्तीर्ण झालो. परीक्षेनंतर दुष्काळी कामावर खडी फोडावयासही बरोबरच बसलो होतो. पुढे आम्ही खडूकडे वळलो आणि आप्पा सुरतेस मागाकडे गेला. शेताच्या वाटणीसाठी तो गावी आला होता व आता मुलाकडे उधन्यास परत चालला होता. गाडीत आम्हांस समोरासमोर जागा मिळाली. आप्पा सारखा ओरडून बोलत होता, म्हणून शेजारची मंडळी वळून पाहू लागली. आम्ही खुणावले, तेव्हा तो हसून म्हणाला, "अरे, मागाच्या खडखडाटात चाळीस वर्षे गेली. माझे कान केव्हाच सुरतेच्या शेठजींकडे जमा झाले. तू काय ते मोठ्याने बोल."

शिंदखेडे मागे पडले तसा जुन्या गोष्टींना रंग चढला. आम्ही विचारले, "आप्पा, तू सुरतेस गेलास तो कुणाच्या भरवशावर? तुला तेथे कोण ओळखीत होते?"

"गावचा एक चुलतभाऊ होता. त्याचा पत्ता एका कागदावर होता, एवढेच. त्याने मला पहिल्या दिवशी सांगितले की नोकरी मागू नकोस, काम शीक. म्हणून मी कांड्या भरावयास लागलो. त्याचे पैसे म्हणजे चहापाणी. पण कारीगर जेवावयास बसला की त्याचे चार माग मी पाहत असे. तुटलेला धागा कसा जोडावा, धोट्यातील कांडी संपण्याच्या आत कशी बदलावी, ताणा सैल झाला हे आवाजावरून कसे ओळखावे, हे सारे त्या जेवणाच्या अर्ध्या तासात शिकलो. असे तीन महिने गेले, पण माग कोणी देईना. माग मोजके आणि कारीगर पुष्कळ."

"मग मिळाला कसा?"

"आखाजीने मिळाला!" आप्पाने मांडीवर थाप मारली. "अरे, आपल्या खानदेशातला माणूस आखाजीला सुरतेत राहतो का? त्यातून वैशाखातले लग्नसराईचे दिवस. कारखान्यातले निम्मे लोक गाडीला लोंबकळून गावी आले. माग उभेच्या उभे राहिले. शेठला तयार मालाची घाई होती. मी तेवढा गेलो नाही. त्या दिवशी घरच्या पुरणपोळीची आठवण येऊन मी रडलो, हे तुला म्हणून सांगतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चार माग माझ्या हाती होते. ज्याचे ते माग होते तो पंधरा दिवस उशिरा आला, तोवर माझा हात बसला होता. पुढे दिवाळीला पक्का झालो."

आम्हांस आमचा इतिहास आठवला. आम्ही डी.एड. होऊन १९७५ साली जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविले. त्या काळी त्या कार्डाचे माहात्म्य तरुण वाचकांस कळावयाचे नाही. १९५९ सालच्या कायद्याने सरकारी कचेऱ्यांस व पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांस आपल्या रिकाम्या जागा, काही अपवाद सोडून, या कार्यालयास कळविणे भाग होते. कार्यालय नोंदणीच्या ज्येष्ठतेप्रमाणे काही नावे पाठवी व त्यांतून निवड होई. आम्ही असे समजलो की कार्ड मिळाले म्हणजे अर्धी नोकरी मिळाली. कायदा जागा कळवा असे म्हणत होता; कळविलेल्या जागेवर त्या यादीतलाच माणूस घ्या असे म्हणत नव्हता, हा भेद आमच्या ध्यानी आला नाही. सरकारी जागांसाठी केवळ या यादीवर विसंबू नये, वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी व येणाऱ्या सर्वांचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९९६ साली सांगितले. पण तोवर आमच्यासारख्या कित्येकांची वये उलटून गेली होती.

"आणि तू काय केलेस?" आप्पाने विचारले.

"वाट पाहिली," आम्ही म्हणालो. "पोस्टमन येण्याच्या वेळी ओसरीवर बसून वाट पाहिली. मधून मधून रजेवर गेलेल्या शिक्षकांच्या जागी चाळीस-चाळीस दिवस शिकविले, शिकवण्या केल्या. १९७७ साली मातोश्रींच्या दुखण्यात कार्डाचे नूतनीकरण करावयाचे राहिले. मुदत टळल्यावर गेलो तो कारकून म्हणाला, नाव निघाले आहे, नव्याने नोंदवा. दोन वर्षांची ज्येष्ठता एका विसरण्याने गेली. रांगेच्या शेवटी पुन्हा उभे राहिलो. त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता."

आप्पा गंभीर झाला. "म्हणजे तू रांगेत उभा होतास, आणि रांग कुठे जाते हे विचारले नव्हतेस."

दोंडाईचे आले. फलाटावर मिरचीच्या पोत्यांचा तिखट वास भरला होता व डब्यातील सर्वांस एकदम शिंका आल्या. त्या थांबल्यावर आम्ही पुढे सांगितले. १९७९ साली एका वृद्ध मुख्याध्यापकांनी आम्हांस खासगीत विचारले, "तुम्ही अक्राणीत जाल का?" अक्राणी महाल, म्हणजे धडगावचा सातपुड्यातील मुलूख, तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो पुढे १९९८ साली. तेथे नेमणूक झालेले शिक्षक हजरच होत नसत, किंवा हजर होऊन बदलीच्या खटपटीस लागत. आमच्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या कित्येकांनी पत्रास उत्तरही पाठविले नव्हते. आम्ही त्याच आठवड्यात धुळ्यास जाऊन, कोणत्याही गावी जाण्यास तयार आहोत असे लिहून दिले. दोन महिन्यांत नेमणुकीचा कागद आला. घरात रडारड झाली. परंतु आमची सेवा त्या दिवसापासून मोजली गेली आणि आज जे निवृत्तिवेतन मिळते त्याचे मूळ त्या डोंगरातील एकशिक्षकी शाळेत आहे.

आप्पा टाळी देत म्हणाला, "मग आपण दोघे एकाच दाराने आत गेलो की रे! तुझी अक्राणी आणि माझी आखाजी. दुसरा जेथे थांबावयास तयार नव्हता तेथे आपण थांबलो."

आम्हांस हे बोलणे पटले व थोडा अभिमानही वाटला. परंतु आप्पाने तो फार वेळ टिकू दिला नाही. "पण एक ध्यानात ठेव. रिकामी जागा दिसली की धावावे, हेही खरे नाही. मी एकदा तसा धावलो आणि फसलो."

ती हकीकत त्याने नंदुरबारपर्यंत सांगितली. वाचकांस गणित समजावे म्हणून त्याने दिलेले सोयीचे आकडे आम्ही येथे देतो. त्याच्या पहिल्या कारखान्यात मीटरला आठ पैसे मिळत. बारा तासांच्या पाळीत एका मागावर तीस मीटर कापड निघे. चार मागांचे एकशेवीस मीटर झाले. म्हणजे दिवसाचे नऊ रुपये साठ पैसे. शेजारच्या गल्लीतील कारखान्यात चार माग रिकामे होते व भाव होता मीटरला दहा पैसे. आप्पाने पहिले काम सोडून ते धरले. तेथे सूत हलके आणि माग जुने. घडोघडी धागा तुटे. तुटलेला धागा जोडीपर्यंत तो माग उभा, आणि उभ्या मागाचे पैसे कोण देणार? एका मागावर कसेबसे वीस मीटर निघत. चार मागांचे ऐंशी मीटर, दहा पैशांप्रमाणे आठ रुपये. वर कापडात खोट दिसली की 'खराबी' म्हणून कपात होई, आणि मीटर मोजणारा माणूस शेठचा.

"भाव जास्त आणि पैसे कमी!" आप्पा म्हणाला. "आणि आणखी एक गंमत ऐक. एका छपराखाली माग सारे एकाच शेठचे, पण कागदावर कारखाने तीन. १९४८ सालच्या कारखाने कायद्याप्रमाणे विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की तो कारखाना ठरत असे. म्हणून प्रत्येक नावावर आठ-आठ माणसे. हजेरीपटावर माझे नाव कोठेच नव्हते. सहा वर्षे राबलो त्याचा एकही कागद माझ्याजवळ नाही. पुढे एका रंगाईच्या मोठ्या कारखान्यात गेलो, तेथे भविष्यनिर्वाह निधी कापू लागले. त्यामुळे १९९५ सालच्या योजनेचे महिना हजार-बाराशे तरी हाती येतात. तुझ्या निवृत्तिवेतनापुढे ते काय? पण ती कपात सहा वर्षे आधी सुरू झाली असती."

"मग फसल्यावर काय शिकलास?"

"तीन गोष्टी विचारावयास शिकलो. पहिली, हजेरीपट कोणाच्या नावाचा आणि त्यात माझे नाव येणार की नाही. दुसरी, मीटर कोण मोजतो, म्हणजे माझे पैसे शेवटी कोणाच्या हातून सुटतात. आणि तिसरी, जी सर्वांत आधी विचारावी ती, आधीचा कारीगर का गेला. हा प्रश्न शेठला विचारावयाचा नाही, बरे. जो गेला त्याला शोधून काढून त्यालाच विचारावयाचा. तो आखाजीला गेला असेल तर माग चांगला. तो दुसऱ्या गल्लीत काम करीत असेल तर समजावे की मागात खोट आहे."

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी; आम्हांस या वेळी एक गोष्ट सुचली. 'शोध' हा शब्द 'शुध्' या धातूपासून आला आहे, आणि त्या धातूचा अर्थ शुद्ध होणे असा आहे. शोधणे म्हणजे मूळचे स्वच्छ करणे, निवडणे. आपण मराठीत त्याचा अर्थ हुडकणे एवढाच करून बसलो. आम्ही चार वर्षे जे केले ते हुडकणेही नव्हते. आणि आप्पाने ठेच खाऊन जे शिकले तेच खरे शोधणे. आम्ही हे त्यास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "तुझे व्याकरण मला कळत नाही. पण तांदूळ निवडल्याखेरीज शिजवू नये, असे आमची आई म्हणे."

नंदुरबारला गाडी बराच वेळ उभी राहिली. चहा घेता घेता आप्पाने सहज विचारले, "आता या वयात सुरतेस काय काढलेस?" आम्ही दोन वेळा विषय टाळला. तिसऱ्या वेळी सारे सांगितले. रकमेचा आकडाही सांगितला. आप्पाने आम्हांस दोष दिला नाही. तो फक्त म्हणाला, "तिन्ही प्रश्न विचारलेस का?"

आम्ही निरुत्तर झालो. ज्या खात्यात आमचा जन्म गेला त्यातली उत्तरे आम्हांस खरे म्हणजे आप्पापेक्षा अधिक ठाऊक असावयास हवी होती. अनुदानित शाळेत हजेरीपट म्हणजे संचमान्यता. विद्यार्थ्यांच्या संख्येवरून शासन शाळेस शिक्षकांची जितकी पदे मान्य करते तितकीच पगाराची पदे. त्याबाहेरचे पद संस्थेने कितीही रिकामे म्हटले तरी ते नाहीच. मीटर मोजणारा म्हणजे शिक्षणाधिकारी. त्यांची वैयक्तिक मान्यता मिळाल्याखेरीज, आणि शालार्थ नावाच्या वेतनप्रणालीत क्रमांक पडल्याखेरीज, शासनाचा एक रुपया हाती येत नाही. शिवाय २०१७ सालापासून ही शिक्षकभरती 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून व्हावी असा शासनाचा निर्णय आहे. मध्यस्थाचे शब्द आम्हांस आठवले, "आधी हजर होऊ द्या, मान्यता मागाहून आणू." हे वाक्य ऐकले त्याच क्षणी आमच्यासारख्याने सावध व्हावयाचे. अशा मागाहून आणलेल्या कागदांचे काय होते ते २०२५ साली नागपूरकडील बनावट शालार्थ क्रमांकांच्या प्रकरणात सर्वांनी वाचले आहे. परंतु गरज डोळ्यांवर आली की वाचलेले आठवत नाही.

आम्ही तेथूनच पुतण्यास दूरध्वनी केला व म्हटले, "बाळ, त्या जागेवर पूर्वी जे गृहस्थ होते त्यांचा ठिकाणा काढ आणि त्यांना जाऊन भेट. ते का गेले एवढेच विचार. आणि शाळेची या वर्षीची संचमान्यता पाहावयास मिळते का ते पाहा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मी त्यांना मागच्याच महिन्यात भेटलो आहे. चार वर्षे शिकविले, मान्यता आली नाही. पगार एक दिवसाचा मिळाला नाही. दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत. आता ते कापसाच्या गिरणीत हिशेब लिहितात."

"मग घरी बोलला का नाहीस?"

"मला कोणी विचारले नाही, काका. तुम्ही सर्वांनी दागिने काढून ठेवले होते. त्यावर मी काय बोलणार?"

खांडबारा मागे पडेपर्यंत आम्ही काही बोललो नाही. एकत्र कुटुंबात प्रेम उदंड असते, पण ज्याच्यासाठी खटपट चालली आहे त्यास विचारावयाचे तेवढे राहून जाते, हे आम्हांस त्या वेळी जितके उमगले तितके पूर्वी कधी उमगले नव्हते. आप्पाने आमचे मन जाणून विषय बदलला. नवापूरचे स्थानक आले होते. त्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. तेथील बाक पाहावयास प्रवासी मुद्दाम खाली उतरतात. आप्पा म्हणाला, "पहिल्यांदा गेलो तेव्हा येथे छातीत धस्स झाले होते. वाटले, आता परका मुलूख. बाकाच्या या टोकाहून त्या टोकाला सरकायचे, एवढेच असते रे ते."

त्यावरून आम्हांस आणखी एक अपराध आठवला. मागील भरतीच्या वेळी त्या प्रणालीत पसंतीक्रम भरताना पुतण्याने दूरच्या जिल्ह्यांची नावे घालतो म्हटले होते. आम्हीच, अक्राणीत गेलेल्या आम्हीच, त्यास म्हणालो होतो की धुळे-जळगावाबाहेर घालू नकोस, आजीस करमणार नाही. जवळच्या जागांवर सर्वांची झुंबड. त्याचे गुण तेथे थोडे कमी पडले. तेवढ्याच गुणांवर दूरच्या काही जिल्ह्यांत नेमणुका झाल्याचे पुढे यादीवरून दिसले. जी जागा लांब आहे म्हणून रिकामी होती ती आम्ही त्यास घेऊ दिली नाही, आणि जी खोटी आहे म्हणून रिकामी होती तिच्यासाठी दागिने काढले.

आप्पाची वाट आमच्या वाटेपेक्षा चांगली होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काम शोधण्याची कला त्यास आमच्याहून पुष्कळ अधिक साधली, पण जे काम मिळाले त्याने त्याचे कान नेले आणि म्हातारपणी हजार-बाराशे रुपये ठेवले. आम्ही शोधण्यात मंद, पण जे मिळाले ते पक्क्या पायावरचे होते. चांगला शोध वाईट कामाचे चांगले काम करू शकत नाही. तो फक्त वाईट काम वेळीच ओळखू शकतो. आम्ही हे बोलून दाखविले तेव्हा आप्पा म्हणाला, "म्हणून तर माझ्या मुलाला मी मागावर जाऊ दिले नाही."

व्यारा, बारडोली करीत गाडी उधन्यास आली तेव्हा दिवे लागले होते. आप्पाने आपली वळकटी खांद्यास मारली आणि खाली उतरून खिडकीशी आला. नेहमीप्रमाणे मोठ्याने ओरडून म्हणाला, "गुरुजी, मेव्हण्याकडे पोटभर जेव, आणि पैशाचे नाव काढू नकोस!" डब्यातील सर्व मंडळी आमच्याकडे पाहू लागली. एरवी आम्हांस संकोच वाटला असता. त्या दिवशी वाटला नाही.

मेव्हण्यांकडे आम्ही दोन दिवस राहिलो व रिकाम्या हाताने परत आलो. दागिने ज्यांचे त्यांच्या पेटीत गेले. पुढील भरतीची मुदत सुरू होईल तेव्हा पसंतीक्रम पुतण्याने स्वतः भरावयाचा, आणि त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी खोलीबाहेर बसावयाचे, असे ठरले आहे. आजीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिनेच पुतण्यास जवळ बोलावून विचारले, "गडचिरोलीला थंडी फार पडते का रे?"